मुलाच्या मूल्यमापनाआधीचं पालकपत्र : या चुका टाळा

चौथीतल्या सोहमची आई माझं पत्र हातात घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "मॅडम, याला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेणार का?" पत्रात तसं काही नव्हतं. दोनच ओळी होत्या : 'आपल्या पाल्याची मानसशास्त्रीय चाचणी घेण्याचे योजिले आहे. सोबतच्या संमतीपत्रावर सही करून उद्या पाठवावे.' तेवढ्यावर वडिलांनी रात्री मोबाइलवर बुद्ध्यांकाची कोडी शोधून पोराकडून सोडवून घेतली होती आणि आजीने दृष्ट काढली होती. चूक घरच्यांची नव्हती, माझी होती. शाळेतली समुपदेशक म्हणून तेव्हापासून हे पत्र मी कितीतरी वेळा नव्याने लिहिलं आहे. पुढच्या सगळ्या चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

'चाचणी' म्हणून सोडून देणं

घरात चाचणी म्हणजे घटक चाचणी. तिथे अभ्यास करून जायचं असतं, पास-नापास असतं. म्हणून आता पहिल्याच परिच्छेदात कारण लिहिते, आणि तेही डोळ्यांना दिसलेलं : 'सोहम तोंडी उत्तरं छान देतो, पण धडा वाचताना जोडाक्षरांवर अडतो आणि फळ्यावरचं उतरवायला वर्गातल्या इतर मुलांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ घेतो. असं का होतं ते आम्हाला शोधायचं आहे.' (नाव अर्थातच बदललेलं.) 'अभ्यासात मागे' असं लिहिलं की घरी मार बसतो, हेही याच नोकरीत शिकले.

मग काय काय होईल ते क्रमाने. आधी पालकांशी साधारण तासभर बोलणं : मूल बोलायला कधी लागलं, कान फुटायचे का, शाळा किती वेळा बदलली. मुलासोबतच्या बैठकांआधी डोळे आणि कान तपासून घेणं, कारण चष्म्याचा नंबर निघाला तर पुढचं चित्रच बदलतं. नंतर मुलासोबत दोन किंवा तीन बैठका, प्रत्येकी तास-सव्वातासाच्या : ठोकळे, चित्रं, शब्दांचे अर्थ, आकडे लक्षात ठेवणं, आणि वेगळं म्हणजे वाचन, शुद्धलेखन, गणित. सुई नाही, औषध नाही, यंत्र नाही, हे वाक्य मी गाळत नाही. कोणत्या तासांना मूल वर्गात नसेल तेही लिहिते. खेळाचा तास बुडणार असेल तर ते मुलाला आधी कळायला हवं, नाहीतर ते फुरंगटून बसतं.

आणि एक सूचना ठळक : 'तयारी करून घेऊ नका.' सरावाने आकडा फुगतो आणि ज्या मुलाला मदत हवी ते कागदावर ठीक दिसू लागतं. पोटभर नाश्ता, रात्रीची झोप, चष्मा असेल तर चष्मा, बस्स. त्या कोड्यांमुळे सोहमची बुद्ध्यांकाची बैठक मला पुढे ढकलावी लागली.

मर्यादा न सांगणं

हा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच आपण गाळतो, कारण मर्यादा सांगितल्या तर पालक सही करणार नाहीत अशी भीती वाटते. उलट, न सांगितल्यास अहवालाच्या दिवशी भांडण होतं.

सोहमचा बुद्ध्यांक 92 आला. वडील म्हणाले, "म्हणजे शंभरातले 92? मग अडतंय कुठे?" शंभर ही या मोजमापाची सरासरी आहे, पैकीच्या पैकी नव्हे, हे पत्रात असतं तर हा प्रश्न आलाच नसता. शिवाय 92 हा काही दगडावरचा आकडा नाही. प्रत्येक मोजमापात थोडी चूक असते. सोहमचा खरा आकडा 86 ते 98 या पट्ट्यात कुठेतरी असावा, इतकंच मी म्हणू शकते. त्यामुळे आता पत्रातच लिहिते की अहवालात आकडा एकटा न देता पट्ट्यासह देऊ.

दुसरी मर्यादा भाषेची. सोहमच्या घरी अहिराणी बोलतात. शब्दांच्या अर्थाच्या भागात तो गप्प बसला, ठोकळ्यांच्या भागात मात्र झरझर चालला. हा फरक अक्कल कमी असण्याचा नव्हता. आता पत्राच्या तळाशी 'घरी कोणती भाषा बोलता?' असा रकाना आहे. आपल्याकडे वापरात असलेली मालिन यांची बुद्ध्यांक चाचणी 1969 ची आहे; तुलना त्या काळच्या मुलांशी होते. म्हणून चाचणीचं नाव आणि तिचं वर्षही पालकांना कळायला हवं.

तिसरी मर्यादा कागदाची. शाळेतलं मूल्यमापन म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र, ज्यावर दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक मिळतो, ते नेमलेल्या सरकारी रुग्णालयातूनच मिळतं आणि तिथे पुन्हा तपासणी होते. जानेवारी 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिलं प्रमाणपत्र आठव्या वर्षी, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा, असा क्रम दिला होता. 'आमच्या अहवालाने सवलत मिळेलच' असं वाक्य पत्रात कधीही नको.

'सर्व माहिती गोपनीय राहील'

हे वाक्य ऐकायला गोड आणि जवळजवळ नेहमी खोटं. वर्गशिक्षिकेला काहीतरी सांगावंच लागतं, नाहीतर मूल्यमापन करून उपयोग काय? रुग्णालयात अहवाल लागतो. आणि मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे ते पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे. तिथे पालकांची परवानगीही विचारली जात नाही. हे आधीच लिहून ठेवा, नंतर सांगणं फार जड जातं.

म्हणून 'गोपनीय'ऐवजी कोणाला काय मिळेल ते लिहा. आमच्या पत्रात असं असतं : 'पूर्ण अहवाल फक्त तुम्हाला. वर्गशिक्षिकेला अर्ध्या पानाच्या सूचना, ज्यात बुद्ध्यांक नसेल. मुख्याध्यापकांना मूल्यमापन झालं एवढीच नोंद. कायद्याने कळवावंच लागतं ते सोडून इतर कोणालाही तुमच्या लेखी परवानगीशिवाय काही नाही.'

नोंदी कुठे राहतील हेही तितकंच नेमकं हवं. अहवाल, उत्तरपत्रिका आणि पालकांशी बोलताना घेतलेली टिपणं या तीन वेगळ्या गोष्टी. आमच्याकडे तिन्ही समुपदेशन खोलीतल्या कुलपाच्या कपाटात असतात, मुलाच्या शाळेच्या फायलीत नाही. त्या फायली कार्यालयात कोणीही चाळतं. चाचणीचे प्रश्न पालकांना दाखवता येत नाहीत, कारण ते बाहेर गेले की चाचणी निरुपयोगी होते; पण उत्तरांचा अर्थ समोर बसून समजावून देऊ, असं लिहिते. कागद मूल 18 वर्षांचं होऊन आणखी 3 वर्षं ठेवायचे, हे आम्ही ठरवलं, कारण चौदाव्या-अठराव्या वर्षीच्या तपासणीला जुना अहवाल लागतो. नंतर फाडून नष्ट, तारीख रजिस्टरमध्ये.

घोळ होतो तो मोबाइलवर. मी पूर्वी काम केलेल्या एका शाळेत अहवालाचा फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि आठवड्यात मुलं त्या मुलीला अध्ययन अक्षमतेचं लघुरूप 'एलडी' म्हणून हाक मारू लागली. आता पत्रात स्पष्ट आहे : अहवाल कागदावर, हातोहात, फोटो नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत अहवाल जात नाही; नव्या शाळेला द्यायचा की नाही ते पालक ठरवतात.

सही आली म्हणजे समजलं, असं मानणं

पत्र सकाळी दिलं आणि मधल्या सुट्टीत सही होऊन परत आलं, तर ते वाचलेलं नाही. अशा वेळी मी फोन करून एकच विचारते, "आम्ही नेमकं काय बघणार आहोत, तुम्हाला काय वाटतं?" उत्तरात 'हुशार आहे का ते' आलं, की बोलावून पत्र मोठ्याने वाचून दाखवते. संमतीपत्रावर 'हो'सोबत 'नाही' आणि 'आधी भेटायचं आहे' असेही चौकोन आहेत, आणि मधेच थांबवता येईल हेही. नव्या संमतीपत्रावर सोहमच्या आईने तिसऱ्यावर खूण केली होती. ती आली, अर्धा तास बोलली, आणि जाताना म्हणाली, "त्याच्या बापालाही असंच व्हायचं वाचताना." ही ओळ माझ्या टिपणात चाचणीच्या आकड्यांच्याही वर लिहिलेली आहे.