फुगलेल्या दारावर लगेच रंधा मारू नका

घरात शिरलेलं पाणी ओसरलं की दार चौकटीत अडायला लागतं आणि कोणीतरी म्हणतंच, "सुताराला बोलवा, थोडा रंधा मारला की झालं." मीही एकदा तेच केलं. कुलपाच्या बाजूने चार मिलिमीटर तासून घेतलं, दार छान लागलं. दीड महिन्यात लाकूड वाळलं आणि कडेला फट पडली, लॅच जेमतेम अडकायची.

लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगतं. पॅनेलच्या दारात आडव्या पट्ट्या दाराच्या रुंदीच्या दिशेनेच जातात, म्हणून रुंदी वाढते ती मुख्यतः दोन उभ्या पट्ट्यांमुळे. सागवानाच्या दहा-दहा सेंटिमीटरच्या दोन पट्ट्यांमधला ओलावा १२ टक्क्यांवरून २२ वर गेला, तर दार साधारण चार मिलिमीटरने रुंदावतं. वाळल्यावर यातलं बहुतेक परत जातं. मी तासलं होतं ते नेमकं हेच.

दुसऱ्या दाराच्या वेळी शहाणा झालो. बिजागऱ्या काढून दार तीन सारख्या जाडीच्या पट्ट्यांवर आडवं ठेवलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा खेळते. भिंतीला टेकवून ठेवलं तर ते वाकतं. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवणं त्याहून वाईट, कारण वरचा थर आधी आखडतो आणि चिरा पडतात. आठवड्यातून एकदा त्याच जागी रुंदी मोजून पेन्सिलीने लिहायची. आकडा दोन आठवडे हलला नाही की मगच रंधा. ओलावामापक असेल तर घरातल्या न भिजलेल्या दाराचा आकडा हेच लक्ष्य.

मग दाराची खालची आणि वरची कड रंगवा. तिथे उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं उघडी असतात, पाणी तिथूनच सगळ्यात जास्त शोषलं जातं, आणि खाली वाकून कोणी बघत नाही म्हणून खालची कड नेहमी बिनरंगाचीच राहते.

फरशीच्या लाकडी पट्ट्यांचंही असंच. कडा वर उचलल्या गेल्या की लगेच घासून सपाट करू नका. खालची बाजू वाळली की पट्टी मूळ आकाराला येऊ पाहते, आणि कडा घासून गेलेल्या असल्याने मधला भाग फुगीर दिसतो.

हा सगळा धीर फक्त भरीव लाकडासाठी. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफचं कपाट एकदा फुगलं की भुसा चिकटवणारा बंधच सुटतो, वाळल्यावरही जाडी परत येत नाही. बिजागरीचा स्क्रू नुसता फिरत राहिला तर तो पल्ला बदलाच. फ्लश दाराचा प्लाय कडेला किंचित सुटला असेल तर वाळवून, गोंद भरून क्लॅम्प लावता येतो. मधोमध फुगे आले, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर मजुरी वाया जाईल. भरीव लाकडातही स्क्रूड्रायव्हर सहज रुतत असेल तर तिथे कुज लागलीये. ती फक्त खालच्या आडव्या पट्टीत असेल तर पट्टी बदला, उभीच्या सांध्यापर्यंत चढली असेल तर दार.