स्पॅनिश फायरफॉक्समध्ये पासवर्ड सांभाळताना या चुका टाळा

माझा मावसभाऊ व्हॅलेन्सियात शिकतो. लॅपटॉप त्याने तिथेच घेतला, त्यामुळे विंडोजपासून फायरफॉक्सपर्यंत सगळं स्पॅनिश. "भाषेचा सराव होईल," म्हणून त्याने ते तसंच ठेवलं. एका रविवारी त्याचा फोन आला. "दादा, माझा पासवर्ड फुटलाय असं दाखवतंय. मी बदलला, तरी इशारा जात नाही. आणि आता तो आणखी एक पासवर्ड मागतोय, तो कुठला तेच कळत नाही." पुढचे दोन तास आम्ही स्क्रीन शेअर करून बसलो. त्याने केलेल्या बहुतेक चुका मीही कधी ना कधी केल्या होत्या.

इशारा तुमच्या खात्याचा आहे असं समजणं

फायरफॉक्समध्ये साठवलेले पासवर्ड पाहायचे असतील तर पत्त्याच्या पट्टीत `about:logins` टाइप करायचं. एखाद्या नोंदीवर इशारा असेल तर त्या मजकुरात *filtración* किंवा *brecha* यांपैकी एक शब्द सापडतो. पहिल्याचा अर्थ गळती, दुसऱ्याचा भगदाड. आवृत्तीनुसार वाक्य बदलतं, पण रोख तोच असतो.

हा इशारा येतो कसा, हे माहीत नसलं की सगळा गोंधळ सुरू होतो. तुमचा ईमेल किंवा पासवर्ड चोरांच्या यादीत सापडला, असं फायरफॉक्स इथे म्हणत नसतो. त्याच्याकडे फुटलेल्या साइट्सची यादी असते. ती सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या Have I Been Pwned या सेवेच्या माहितीवर आधारलेली आहे. तुमच्या नोंदीतली साइट त्या यादीत आहे का, त्या गळतीत पासवर्ड होते का, आणि तुमच्या नोंदीतला पासवर्ड गळतीच्या तारखेच्या आधीपासून तसाच आहे का, एवढं तो पाहतो. तिन्हींचं उत्तर 'हो' आलं की इशारा.

भावाची एका ऑनलाइन दुकानासाठीची नोंद ऑक्टोबर 2018 ची होती आणि त्या दुकानाच्या साइटवरची गळती 2019 मधली. त्याने पासवर्ड खरोखर बदलला होता, पण फोनवरच्या त्या दुकानाच्या अॅपमधून. लॅपटॉपवरच्या फायरफॉक्सला त्याचा पत्ताच नव्हता. नोंदीत 2018 चाच पासवर्ड, 2018 चीच तारीख. म्हणून इशारा हटेना. नोंद उघडली की ती कधी तयार झाली, कधी बदलली, कधी वापरली, या तारखा दिसतात. इशारा पाहिल्यावर पहिली नजर तिथे जायला हवी.

याच्या उलट केलेली चूक जास्त धोक्याची. एका जुन्या साइटच्या नोंदीवरचा इशारा घालवायला भावाने *Editar* दाबलं, पासवर्डच्या शेवटी एक आकडा जोडला आणि *Guardar* केलं. इशारा गेला. जाणारच, कारण नोंदीची तारीख आजची झाली. साइटवर मात्र जुनाच पासवर्ड चालू राहिला, आणि आता तो फायरफॉक्समध्येही उरला नाही. इशारा गेला म्हणजे खातं सुरक्षित झालं, असा अर्थ काढू नका.

बरोबर क्रम असा. साइटचा पत्ता स्वतः टाइप करून आत शिरा आणि पासवर्ड बदलायच्या पानावर जा. तिथे *Contraseña actual* लिहिलेल्या रकान्यात अनेकजण नवा पासवर्ड घालतात, कारण *actual* हा शब्द इंग्रजीच्या सवयीने 'खरा' असा वाचला जातो. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'सध्याचा'. म्हणजे जुना पासवर्ड तिथे, आणि नवा *Nueva contraseña* मध्ये. बदल झाला की फायरफॉक्स विचारतो, तेव्हा *Actualizar* दाबा. हाही त्याच कुळातला शब्द, अर्थ 'अद्ययावत करा'. नाही विचारलं, तर `about:logins` मध्ये जाऊन हाताने बदला. मग तिथेच त्या साइटच्या दोन नोंदी झाल्या नाहीत ना, तेही पाहा. पासवर्ड बदलायच्या पानावर वापरकर्त्याच्या नावाचा रकाना नसला, तर कधीकधी नाव नसलेली नवी नोंद तयार होते आणि जुनी इशाऱ्यासकट तशीच राहते.

*Contraseña vulnerable* हा वेगळा इशारा आहे. ती साइट फुटलेली नसते, पण तिथला पासवर्ड तुम्ही एखाद्या फुटलेल्या साइटवरही वापरलेला असतो. भावाकडे असे चार निघाले, कारण चारही ठिकाणी एकच पासवर्ड. दुकानाचा पासवर्ड बदलून भागणार नव्हतं. तोच ईमेल आणि तोच पासवर्ड चोर इतर साइट्सवर घालून पाहतात.

इशारा नाही म्हणजे काहीच फुटलं नाही, असंही नाही. एप्रिल 2021 मध्ये स्पेनमधल्या फोन हाउस या मोबाइल दुकानांच्या साखळीवर सायबर हल्ला झाला आणि लाखो ग्राहकांची वैयक्तिक माहिती बाहेर आली. ज्या गळतीत नावं, पत्ते, फोन नंबर जातात पण पासवर्ड जात नाहीत, तिचा इशारा या यादीत येतच नाही. तुमचा ईमेल कुठल्या गळतीत आहे हे पाहायला Mozilla Monitor ही वेगळी सेवा आहे.

तीन पासवर्ड एकच समजणं

"तो आणखी एक पासवर्ड मागतोय" यातला 'तो' कोण, हे शोधण्यात आमचा अर्धा तास गेला. फायरफॉक्स वापरताना तीन वेगळ्या गोष्टी पासवर्ड मागू शकतात.

पहिली *contraseña principal*, म्हणजे मुख्य पासवर्ड. 2020 मध्ये फायरफॉक्स 80 आला तेव्हा याचं नाव बदललं. त्याआधी तो *contraseña maestra* होता. जुने स्पॅनिश लेख आणि व्हिडिओ अजून तेच नाव घेतात, म्हणून सेटिंगमध्ये *maestra* शोधत बसलात तर सापडणार नाही. हा पासवर्ड फक्त त्या संगणकावरच्या त्या प्रोफाइलचा. तो दुसऱ्या उपकरणावर जात नाही, कुठल्या सर्व्हरवरही नसतो. साठवलेले पासवर्ड `logins.json` या फाइलमध्ये असतात आणि ते उघडायची किल्ली `key4.db` मध्ये. मुख्य पासवर्ड त्या किल्लीला कुलूप घालतो. तो ठेवला नसेल, तर या दोन फाइली ज्याच्या हाती लागतील त्याला पासवर्ड वाचता येतात.

दुसरा मोझिला खात्याचा पासवर्ड. तो उपकरणं एकमेकांशी जुळवायला लागतो. तिसरा विंडोजचा. मुख्य पासवर्ड ठेवला नसेल, तर पासवर्ड उघडून पाहताना फायरफॉक्स विंडोजचा पासवर्ड किंवा पिन विचारू शकतो. तो फक्त शेजारी बसलेल्याला थोपवतो, फाइलीला कुलूप घालत नाही. भाऊ *contraseña principal* च्या खिडकीत विंडोजचा पासवर्ड टाकत होता आणि "चुकीचा" म्हणून वैतागत होता.

फायरफॉक्स सुरू होताच मुख्य पासवर्ड विचारला गेला तर घाबरू नका. उपकरणं जुळवण्याचं काम पार्श्वभूमीत सुरू होतं आणि त्यालाही ती किल्ली लागते. *Cancelar* दाबलं तर काही पुसलं जात नाही, फक्त पासवर्ड आपोआप भरले जात नाहीत. एखाद्या वेबपानाने काढलेली नकली चौकट असेल अशी शंका आली, तर *Cancelar* करा, नवा टॅब उघडून स्वतः `about:logins` टाइप करा आणि तिथे जे विचारलं जाईल तिथेच पासवर्ड द्या.

मुख्य पासवर्ड विसरला तर तो परत मिळवायची सोय नाही. `chrome://pippki/content/resetpassword.xhtml` या पत्त्यावरून तो रद्द करता येतो, पण त्यासोबत त्या प्रोफाइलमधले सगळे साठवलेले पासवर्ड जातात. त्या पानावर जाण्याआधी फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर पासवर्ड आहेत का ते पाहा, आणि असतील तर लिहून घ्या.

कीबोर्ड बदललाय हे न पाहणं

पण भाऊ त्याचा मुख्य पासवर्ड विसरलाच नव्हता. त्याला तो तोंडपाठ होता, बोटांनाही पाठ होता, आणि तिथेच घोटाळा होता. तो पासवर्ड समजा `Mango@72-kokum` असा धरू. भारतातून नेलेल्या कीबोर्डवर, इंग्रजी मांडणी चालू असताना त्याने तो ठेवला होता. आता मांडणी स्पॅनिश झाली होती. तिथे शिफ्ट आणि 2 दाबलं की `@` न उमटता `"` उमटतं, आणि शून्याच्या उजवीकडची कळ `-` ऐवजी `'` देते. म्हणजे बोटं नेहमीसारखी चालली आणि आत गेलं `Mango"72'kokum`. ठिपके तेवढेच, चौदा. डोळ्यांना काहीच कळत नाही.

विंडोजच्या खालच्या पट्टीत `ESP` दिसतंय की `ENG`, ते आधी पाहा. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून मांडणी बदलता येते. खात्री करायची तर नोटपॅड उघडून त्यात फक्त चिन्हं टाइप करून बघा, पूर्ण पासवर्ड नको. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत तर कधीच नको, कारण तिथे टाइप केलेलं शोधसूचनांसाठी सर्च इंजिनाकडे जाऊ शकतं. स्पॅनिश मांडणीत `@` हवं असेल तर AltGr आणि 2. मुख्य पासवर्ड नव्याने ठेवत असाल तर चिन्हांच्या नादी लागू नका, पाच-सहा शब्द घ्या. त्यात `ñ` किंवा स्वरचिन्हं असलेली अक्षरं नकोत. उद्या पुण्यातल्या कीबोर्डवर ती शोधत बसावं लागेल.

आपोआप भरलं नाही म्हणून हाताने घालणं

पासवर्ड आपोआप भरला गेला नाही की आपण चिडून तो कॉपी करतो आणि चिकटवतो. ही सवय मोडायला हवी. फायरफॉक्स साठवलेल्या पत्त्याशी पानाचा पत्ता ताडून पाहतो. तंतोतंत जुळला तर भरतो, त्याच साइटच्या दुसऱ्या उपपत्त्यावर असाल तर रकान्यावर क्लिक केल्यावर नुसतं सुचवतो, आणि साइटच वेगळी असेल तर गप्प बसतो. स्पेनमध्ये "तुमचं पार्सल अडकलंय" असे टपालखात्याच्या नावाचे मेसेज सर्रास येतात. दिसायला पान हुबेहूब, पत्ता मात्र `correos.es` नसतो. माणूस फसतो, पण पत्ता ताडणारा फायरफॉक्स गप्प राहतो. म्हणून तो गप्प राहिला की आधी पत्ता अक्षर-अक्षर वाचा.

अर्थात प्रत्येक वेळी चोरच असतो असं नाही. काही बँका पडद्यावर आकड्यांची पाटी दाखवतात आणि माउसने अंक दाबायला लावतात, तिथे कुठलाच पासवर्ड मॅनेजर चालत नाही. काही ठिकाणी आधी NIE, म्हणजे परदेशी नागरिकांचा ओळख क्रमांक, मग पुढच्या पानावर पासवर्ड, असे दोन टप्पे असतात, तिथे नोंदीत NIE च्या जागी भलतंच काही साठवलं जातं. आणि कधी आपणच पूर्वी *Nunca guardar* दाबलेलं असतं, म्हणजे 'कधीही साठवू नका'. सेटिंगमधल्या पासवर्डच्या भागात *Excepciones* उघडलं की ती साइट यादीत बसलेली दिसते. तिथून काढली की फायरफॉक्स पुन्हा विचारू लागतो.

पत्ता खोटा निघाला आणि पासवर्ड घालून झाला असेल, तर खऱ्या साइटवर जाऊन तो लगेच बदला. स्पेनमध्ये असाल तर 017 लावा. INCIBE या सरकारी संस्थेची ती मोफत मदतवाहिनी आहे.