वहिनीचं फॅमिली इन्व्हिटेशन कुठे अडकलं होतं

यूट्यूब प्रीमियमच्या आमच्या फॅमिली प्लॅनमध्ये वहिनीला घ्यायचं होतं. मॅनेजर मी. माझ्याशिवाय पाचच जण बसतात आणि पाचवी जागा चुलतभावाकडे, तो आता नोकरीला पुण्यात. नियमाप्रमाणे सगळे मॅनेजरच्याच पत्त्यावर, म्हणजे आमच्या नाशिकच्या घरी राहणारे हवेत. म्हणून families.google.com वर त्याच्या नावावर जाऊन Remove member केलं. त्याचं अकाउंट, प्लेलिस्ट सगळं शाबूत, फक्त प्रीमियम गेलं. लगेच फोन: "दादा, जाहिराती का येतायत रे?"

तरी वहिनीकडून आमंत्रण स्वीकारलं जाईना. तिच्या फोनवर तीच साइट उघडली, तर तिथे आधीच एक ग्रुप दिसला: जळगावच्या माहेरचा, लग्नाआधीपासूनचा. एका अकाउंटला एका वेळी एकच ग्रुप चालतो. माहेरी कळवून तिने Leave family group केलं, मी नवं आमंत्रण पाठवलं (दोन आठवड्यांत ते बाद होतं), आणि ज्या जीमेलवर पाठवलं त्याच अकाउंटने तिने ते उघडलं. लगेच जोडली गेली.

मात्र ग्रुप बदलणं बारा महिन्यांतून एकदाच जमतं. त्यामुळे आता वर्षभर वहिनी आमच्याच ग्रुपात.