x² − 5x + 4 चा तक्ता मांडताना

अकरावीत y = x² − 5x + 4 चा आलेख काढायला मिळाला तेव्हा मी दहावीच्या सवयीने x च्या किमती −2, −1, 0, 1, 2 अशा घेतल्या. रेषेचा आलेख तेवढ्यात सहज निघायचा. y च्या किमती आल्या 18, 10, 4, 0, −2. आकडेमोड सगळी बरोबर होती. ठिपके जोडले तर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक बाकदार रेघ तयार झाली, वळण कुठेच नाही. सरांनी वहीत तिच्या टोकाशी एकच शब्द लिहिला: "पुढे?"

आता मी शिकवते, आणि पहिल्यांदा वर्गफलाचा आलेख काढणाऱ्या मुलांच्या वह्यांत तीच अर्धी रेघ बघते. म्हणून माझा आग्रह असतो की तक्ता आखण्याआधी वक्र कुठे वळणार ते काढा. ax² + bx + c मध्ये ते वळण x = −b/2a इथे असतं. आपल्या उदाहरणात a = 1 आणि b = −5, म्हणजे x = 5/2 = 2.5. आता 2.5 च्या दोन्ही बाजूंना सारख्याच किमती घ्यायच्या: डावीकडे 2, 1, 0, −1 आणि उजवीकडे 3, 4, 5, 6.

y ची किंमत एका दमात काढू नका. प्रत्येक पदाला वेगळी ओळ द्या.

```
x     −1    0    1    2    3    4    5    6
x²     1    0    1    4    9   16   25   36
−5x    5    0   −5  −10  −15  −20  −25  −30
+4     4    4    4    4    4    4    4    4
y     10    4    0   −2   −2    0    4   10
```

सगळ्यात जास्त चुका −1 च्या रकान्यात होतात. वर्ग करताना कंस राहतो, (−1)² चे 1 ऐवजी −1 होतात आणि y येतो 8. अशी चूक ठिपके देण्याआधीच पकडता येते. y च्या ओळीत शेजारच्या किमतींतले फरक लिहा: −6, −4, −2, 0, 2, 4, 6. प्रत्येक फरक आधीच्यापेक्षा 2 ने वाढतोय. x एकेकाने वाढत असेल तर ही वाढ नेहमी 2a एवढीच असते. −1 खाली 8 लिहिलं असतं तर फरक −4, −4, −2 असे सुरू झाले असते आणि पहिलाच खटकला असता. मला ही तपासणी फार आवडते, कारण उत्तर बघायला पुस्तकाचं शेवटचं पान उघडावं लागत नाही.

तक्ता बरोबर आला तरी एक खाच उरते. x = 2 आणि x = 3 दोन्हीकडे y = −2 आहे. बरीच मुलं हे दोन ठिपके पट्टीने जोडतात आणि वक्राचा तळ बशीसारखा सपाट होतो. खरं वळण या दोघांच्या मधोमध आहे, म्हणून 2.5 चा एक जादा रकाना हवाच: 6.25 − 12.5 + 4 = −2.25. मिलिमीटरच्या आलेख कागदावर दोन्ही अक्षांवर 1 सेमी = 1 एकक घेतलं, तर हा बिंदू त्या दोन ठिपक्यांच्या पातळीखाली फक्त अडीच घरं येतो. अडीच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तळाला गोलाई त्यानेच येते. या प्रमाणात अख्खा आलेख सव्वाबारा सेंटिमीटर उंचीत मावतो, त्यामुळे प्रमाण लहान करायचं कारण नाही.

वक्र काढताना कागद उलटा फिरवा, म्हणजे तळहात वक्राच्या पोटात येतो आणि मनगट आपसूक वळतं. आधी फिकट पेन्सिल, मग गडद. पट्टी बाजूला.

मुळं वाचायची असतील तर y च्या ओळीत चिन्ह कुठे बदलतं ते बघा. आपल्याकडे 1 आणि 4 खाली सरळ शून्यच आलं. पण y = x² − 5x + 3 घेतलं तर वरच्या ओळीतली प्रत्येक किंमत 1 ने कमी होते: x = 0 ला 3, x = 1 ला −1. म्हणजे वक्र X-अक्षाला 0 आणि 1 च्या मध्ये कुठेतरी छेदतो, आणि तक्त्यात तो बिंदू नाही. नीट काढलेल्या आलेखावर तिथे सातवं घर दिसतं, म्हणजे 0.7. दुसऱ्या बाजूला 4.3. सूत्राने ही मुळं 0.697 आणि 4.303 येतात. एक घर म्हणजे 0.1, त्यामुळे या कागदावरून 0.697 वाचल्याचं कुणी वहीत लिहिलं, तर ते सूत्रातून उचललंय हे मला लगेच कळतं, आणि मी 0.7 लिहायला लावते.