टनाला ८०० युनिट? कचऱ्यातून वीज मोजताना या चुका टाळा

नगरपालिकांचे कचरा-वीज प्रकल्प अहवाल तपासायला येतात, तेव्हा मी आधी एकच आकडा शोधतो: एका टनामागे किती युनिट वीज धरली आहे. तो ५००च्या वर दिसला की आपल्याकडच्या मिश्र कचऱ्यासाठी मला तो खरा वाटत नाही. हिशोब उलगडत मागे गेलं की बहुतेक वेळा चूक एकाच ठिकाणी सापडते.

ती चूक म्हणजे प्रयोगशाळेतला कोरड्या नमुन्याचा उष्मांक थेट ओल्या कचऱ्याला लावणं. एका नगरपालिकेच्या अहवालात टनाला ८१९ युनिट लिहिले होते. प्रयोगशाळेचा कागद मागवला, त्यावर ३,२०० किलोकॅलरी प्रतिकिलो होतं आणि खाली बारीक अक्षरात ‘कोरडा आधार’. अहवाल करणाऱ्या तरुणाने ३,२०० ला १,००० ने गुणलं, ८६० ने भागलं (एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी), २२ टक्के कार्यक्षमता लावली आणि मोकळा झाला. गणितात चूक नव्हती, पण त्याने जाळला तो कचरा त्या गावात नव्हताच.

मग आम्ही दोघांनी बसून तो हिशोब पुन्हा मांडला. उन्हाळ्यातल्या कचऱ्यात ४५ टक्के पाणी होतं, म्हणजे एका किलोत कोरडा भाग ५५० ग्रॅम आणि त्याची उष्णता १,७६० किलोकॅलरी. त्यातूनही हे पाणी वाफ होऊन धुराड्यातून जाताना दर किलो पाण्यामागे ५८४ किलोकॅलरी घेऊन जातं. कोरड्या भागात सुमारे ५ टक्के हायड्रोजन होता. जळताना त्याचं आणखी पाव किलो पाणी तयार होतं. एकूण ७०० ग्रॅम पाण्यापायी ४०७ किलोकॅलरी गेल्या आणि हाती राहिल्या १,३५३. याला नेट उष्मांक म्हणायचं, आणि वीज मोजायची ती यावरूनच. उत्तर आलं ३४६ युनिट.

पावसाळ्यात पाणी ६० टक्क्यांवर गेलं, तर कोरड्या भागाचा उष्मांक तोच धरूनही नेट उष्मांक ८२५ च्या आसपास येतो. कागदावर २११ युनिट निघतात, प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाहीत, कारण असा कचरा स्वतःच्या बळावर नीट जळतच नाही. जागतिक बँकेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत नेट उष्मांकाची वार्षिक सरासरी किलोमागे किमान ७ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे १,६७० किलोकॅलरी, आणि कोणत्याही ऋतूत ६ मेगाज्यूलच्या, म्हणजे १,४३० च्या, खाली नाही अशी अट आहे. म्हणून मी जुलैचा नमुना असल्याशिवाय अहवालावर सही करत नाही. ‘मेमधला आहे, तोच चालवून घ्या’ म्हणणाऱ्यांना मी परत पाठवतो.

ही भीती कल्पनेतली नाही. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डॅनिश तंत्रज्ञानाचा प्रकल्प उभा राहिला, रोज ३०० टन कचरा आणि ३.७५ मेगावॅट. भागाकार केला तर टनाला ३०० युनिट येतात, म्हणजे अपेक्षा अवाजवी नव्हती. पण आराखड्यात उष्मांक सुमारे १,४६० धरला होता आणि आलेला कचरा निघाला ६०० ते ७०० चा. चाचणीच्या काही दिवसांतच तो बंद पडला.

दुसरी चूक कार्यक्षमतेची. कोळशाच्या केंद्राचे ३५ टक्के उचलून कचऱ्याला लावतात. काही जण तर बॉयलरचे ८० टक्केच सगळ्या प्रकल्पाचे समजतात. कचऱ्यात पीव्हीसी असतं, मीठ असतं. त्यांतला क्लोरीन तापलेल्या सुपरहीटरच्या नळ्या खातो, म्हणून वाफ साधारण ४०० अंशांवरच थांबवावी लागते. वाफ कमी तापली की टर्बाइनमधून वीजही कमी मिळते. मी १८ ते २२ टक्के धरतो. ओला कचरा असेल तर १८ च, कारण पाण्याची वाफ आत असली की धुराबरोबर जाणारी उष्णता वाढते.

जनरेटरवरचे युनिट म्हणजे विकायचे युनिट नव्हेत. पंखे, पंप, क्रेन आणि धूर स्वच्छ करणारी यंत्रणा यांत १२ टक्के गेले तर वरच्या ३४६ चे ३०४ उरतात.

किलोज्यूल आणि किलोकॅलरी मिसळू नका, फरक ४.१९ पटीचा आहे.

प्रयोगशाळेत नमुना दळण्याआधी दगड, काच, विटांचे तुकडे वेचून टाकले का, हे फोन करून विचारा. टाकले असतील तर त्यांच्या वजनाच्या प्रमाणात उष्मांक कमी करा.

टन कुठला, हेही लिहा. वजनकाट्यावर १,००० किलो आलेला कचरा खड्ड्यात चार-पाच दिवस पडून राहिला आणि त्यातून १५० किलो पाणी निथळलं, तर भट्टीत ८५० किलोच जातो. उष्मांक खड्ड्यातल्या कचऱ्याचा आणि टन मात्र गेटवरचे घेतले, तर वीज जवळजवळ १८ टक्के जास्त दिसते. मी अहवालाच्या पहिल्याच पानावर दोन्ही वजनं वेगळी लिहायला लावतो, आणि उष्मांकापुढे ज्या वजनाचा तो आहे त्याचं नाव.