घडीचा कीबोर्ड आणि मराठी टायपिंग: या चुका टाळा

फोन किंवा टॅबसाठी घडी होणारा कीबोर्ड घेताना आपण बहुधा तीनच गोष्टी पाहतो: वजन, घडी केल्यावर होणारा आकार आणि बॅटरी. इंग्रजीत मेल लिहिणाऱ्याचं तेवढ्यावर भागतं. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्ड मांडणीत मराठी लिहिणाऱ्याचं भागत नाही, कारण कीबोर्ड लहान करताना कंपनी जी बटणं आधी बारीक करते, त्याच बटणांवर आपली अक्षरं बसलेली असतात.

इंग्रजीत उजव्या कडेला विरामचिन्हं असतात. ती क्वचित लागतात, म्हणून तिथली बटणं अरुंद केली किंवा एफएन बटणाखाली ढकलली तरी कुणाची फारशी तक्रार येत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये मात्र ; वर च आहे, ' वर ट, [ वर ड आणि / वर य. = वर कृपेतली ृ आहे आणि \ वर डॉक्टरला लागणारी ॉ आहे. शिफ्ट धरल्यावर हीच बटणं छ, ठ, ढ आणि ऋ देतात. ‘य’ शिवाय मराठीची दोन वाक्यंही पुढं सरकत नाहीत, आणि ते बटण छोट्या कीबोर्डवर सगळ्यात गर्दीच्या कोपऱ्यात असतं.

पहिली चूक: बिघाड सॉफ्टवेअरचा समजणं

फोंड्यात आमच्या ओळखीचे एक काका आहेत. गावच्या उत्सवात होणारी मराठी नाटकं तेच लिहितात आणि बसवतातही. नोकरी पणजीत. कार्यालयात वर्षानुवर्षं इन्स्क्रिप्टवर काम केल्यामुळं बोटं तयार झालेली. पणजीला कदंब बसची वाट बघताना स्टँडवर बसून लिहिता यावं म्हणून त्यांनी टॅबसाठी तीन घड्यांचा ब्लूटूथ कीबोर्ड आणला. थोड्याच दिवसांत त्यांची तक्रार सुरू झाली: “लिहिता लिहिता मजकूर आपोआप वरच्या ओळीत जातो. मध्येच भलतीकडे पाय मोडलेली चिन्हं उमटतात.” मग त्यांनी अ‍ॅप बदलून पाहिलं, टॅब रीसेट केला, कीबोर्ड पुन्हा जोडला. तरी तेच.

मी म्हटलं, “काका, नवी नोंद उघडा आणि ‘नाट्य’ लिहा. सावकाश नको, नेहमीच्या वेगानं.”

नाट्य हा शब्द या चाचणीला फार सोयीचा आहे, कारण त्यात ट आणि य दोन्ही येतात. काकांनी लिहिलं तेव्हा ‘ना’ नंतर ओळच बदलली. त्यांच्या कीबोर्डवर ' चं बटण निम्म्या रुंदीचं होतं आणि त्याला खेटूनच एंटर होतं. करंगळी सवयीनं जिथं पडायची तिथं आता एंटर होतं. दुसऱ्या वेळी ट नीट आला, पण ‘य’ च्या जागी कर्सर टुणकन वर गेला. कारण / च्या लगेच उजवीकडं, जिथं मोठ्या कीबोर्डवर रुंद शिफ्ट असते, तिथं वर जाणारा बाण घातला होता आणि शिफ्ट त्याच्याही पलीकडं सारलेली होती.

मग मी त्यांना ‘अंक पहिला’ लिहायला सांगितलं, आणि तिथं मुख्य दुखणं सापडलं. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला असतात. आ, इ, ई, उ, ए यांसाठी त्याच मात्रांची बटणं शिफ्ट धरून दाबायची, आणि अ साठी हलन्ताचं. डावा हात अक्षरात गुंतलेला, म्हणून शिफ्ट उजव्या करंगळीनं धरायची ही शिकवलेली पद्धत. काकांची करंगळी उजव्या शिफ्टच्या जुन्या जागी जायची आणि बाण दाबला जायचा. कर्सर वरच्या ओळीत जायचा, शिफ्ट लागलेली नसल्यामुळं ‘अ’ ऐवजी हलन्त उमटायचा आणि पाठोपाठ अनुस्वार आणि क. पाय मोडलेली चिन्हं येत होती ती अशी. अ‍ॅपचा काही दोष नव्हता. ‘अंक’, ‘आई’, ‘उत्सव’, ‘एकटा’ असे स्वरानं सुरू होणारे आणि ट किंवा य असलेले शब्द बिघडत होते आणि बाकीचे ठीक होते. दोष बटणांच्या मांडणीत आहे हे यावरूनच ओळखता येतं. सॉफ्टवेअरचा गोंधळ शब्दातली अक्षरं बघून होत नाही.

यावर उपाय दोन. टॅबच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये स्टिकी कीज चालू केल्या तर शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. आधी शिफ्ट दाबून सोडायची, मग अक्षर. म्हणजे डावी शिफ्टही निवांत वापरता येते. काकांनी हेच केलं. वेग थोडा कमी झाला, पण वरच्या ओळीत उड्या थांबल्या. दुसरा उपाय म्हणजे कीबोर्डच बदलणं. रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्याला मी तोच सांगेन. अरुंद ' ची सवय करून घेता येते, पण शिफ्ट आणि / यांच्या मधला बाण बोटांना दिवसभर छळतो, कारण कार्यालयातल्या मोठ्या कीबोर्डची सवय रोज नव्यानं पक्की होत राहते.

दुसरी चूक: न मोजता घेणं

पेटीवर ‘फुल साइज’ लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण 19 मिलिमीटर अंतर असतं. दुकानात एवढं बारीक मोजत बसायला नको. क्यूच्या डाव्या कडेपासून पीच्या उजव्या कडेपर्यंत पट्टी धरा. दहा बटणं आहेत, म्हणजे 19 सेंटिमीटरच्या जवळपास भरलं तर अंतर पूर्ण आहे. 17 च्या आसपास सवयीनं जमतं. 15 भरलं तर दहा बोटांनी लिहिण्याची आशा सोडा.

घडी होते म्हणून बटणं लहानच हवीत असंही नाही. 1999 मध्ये पामच्या हातातल्या छोट्या यंत्रांसाठी आलेला स्टोअवे कीबोर्ड चार घड्यांचा होता आणि उघडल्यावर त्याची बटणं पूर्ण आकाराची असत. उलट 2015 मध्ये आलेला एलजीचा रोली काठीसारखा गुंडाळला जायचा, बटणांमधलं अंतर 17 मिलिमीटर होतं, पण आकड्यांची रांगच नव्हती. आकडे एफएन धरून. इन्स्क्रिप्टवाल्याला ही रांग आकड्यांपलीकडंही लागते: शिफ्टसह 5 वर ज्ञ, 6 वर त्र, 7 वर क्ष, 8 वर श्र. रांग नसेल तर क, हलन्त, ष असा क्ष जोडून लिहिता येतो, त्यामुळं अडून बसत नाही. तेवढ्यासाठी मी कीबोर्ड नाकारणार नाही.

मधोमध घडी पडणाऱ्या कीबोर्डवर शिवण जी आणि एच यांच्यामधून जाते. जी वर उकार आहे आणि एच वर प. म्हणजे ‘पुस्तक’ मधलं पहिलंच अक्षर शिवणीच्या दोन्ही बाजूंना हात टाकायला लावतं. काही कीबोर्डवर इथं बोटभर फट असते. बोटं चुकत नाहीत, फक्त मोकळी पसरून ठेवावी लागतात, आणि दोनचार दिवसांत हात जुळतो. ज्यांना वाय हे बटण डाव्या हातानं दाबायची सवय आहे त्यांचा ‘ब’ मात्र वारंवार हुकेल.

म्हापशाला किंवा मडगावला दुकानात गेलात तर कीबोर्ड आपल्याच फोनला जोडून ‘नाट्य’, ‘अंक’, ‘पुस्तक’, ‘चटणी’, ‘कृपया’, ‘डॉक्टर’ एवढे शब्द लिहून पाहा. जोडायच्या आधी फोनच्या सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्डसाठी मराठी किंवा हिंदी मांडणी मिळते का, की त्यासाठी वेगळं अ‍ॅप लागतं, तेही बघा. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी तर हे नक्की पाहावं, कारण बाहेरचा कीबोर्ड जोडला की पडद्यावरच्या कीबोर्डची ती सोय बरेचदा निघून जाते.

तिसरी चूक: सिलिकॉनच्या कीबोर्डवर वेगानं लिहिणं

गुंडाळायचा सिलिकॉनचा कीबोर्ड स्वस्त असतो आणि त्याची बटणं अंतरानं ऐसपैस असतात. अडचण वेगळी. बटण दाबल्याची ‘टिक’ बोटाला कळत नाही, आणि बटणाच्या मध्यावर सरळ दाब पडला नाही तर खालचा संपर्क जुळतच नाही. इंग्रजीत एखादं अक्षर गळालं तर शब्दतपासणी सांभाळून घेते. मराठीत गळतो तो हलन्त, कारण तो जोडाक्षराच्या मधोमध घाईत दाबला जातो. ‘पुस्तक’ चं ‘पुसतक’ होतं, ‘नाट्य’ चं ‘नाटय’. लिहिलेल्या मजकुरात जोडाक्षरं सुटी पडलेली दिसली की दोष दाबाचा आहे असं समजा. बोटाच्या टोकानं, उभं आणि जरा जोरानं दाबायला लागतं. पत्ता, निरोप, चार ओळींची नोंद यासाठी हा कीबोर्ड ठीक आहे. नाटकाचा प्रवेश त्यावर लिहू नये, मनगटं भरून येतात.

तो मऊ कापडावर किंवा गादीवर ठेवलात तर दाब खाली जिरतो. ट्रे, वही, पुठ्ठा, काहीही चालेल, पण खाली कडक हवं.

मांडीवर ठेवायची घाई

कोकण रेल्वेच्या डब्यात किंवा रायबंदर ते चोडण फेरीबोटीत घडीचा कीबोर्ड मांडीवर उघडला की बिजागरीशी तो वाकतो. पुष्कळ कीबोर्ड घडी उघडल्यावर आपोआप चालू आणि मिटल्यावर बंद होतात. त्यासाठी आत चुंबकावर चालणारा स्विच असतो. कीबोर्ड मांडीवर वाकला की त्या स्विचला घडी मिटल्यासारखी वाटते आणि जोडणी तुटते. लोक याला ब्लूटूथचा दोष समजतात. टेबलावर ठेवून पाहा: तिथं जोडणी टिकत असेल तर ब्लूटूथ ठीक आहे. मांडीवर खाली कडक पॅड घ्या, काम होतं.

थोडा वेळ थांबून पुन्हा लिहायला घेतल्यावर पहिलं अक्षर गायब होत असेल तर तोही बिघाड नाही. बॅटरी वाचवायला कीबोर्ड झोपतो आणि पहिल्या दाबानं नुसता जागा होतो. आधी शिफ्ट दाबा, क्षणभर थांबा, मग लिहा. एकच अक्षर दोनदा उमटत असेल तर सेटिंगमध्ये की रिपीटचा विलंब वाढवून पाहा. तरीही ठराविक एकाच बटणाचं अक्षर दुप्पट होत राहिलं, तर ते बटण आतून खराब झालंय आणि कीबोर्ड वॉरंटीत द्यायला हवा.

बटणांवर देवनागरी स्टिकर लावायचा मोह होतो. घडी मिटल्यावर दोन भागांमधली जागा अगदी कमी असते, त्यामुळं जाड स्टिकर समोरच्या बटणांना घासतात आणि कडा सुटतात. पातळ स्टिकर मिळाले तरच लावा, तेही फक्त अडणाऱ्या बटणांवर.

आमच्याकडं पावसाळ्यात रेक्झिनच्या कव्हरला बुरशी धरते आणि किनाऱ्यालगतच्या घरांत बिजागरीच्या पिना गंजतात. कीबोर्ड ओल्या हातानं मिटून तसाच बॅगेत टाकला तर ओल आतच राहते. उघडा ठेवून पंख्याखाली वाळवा, मग सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवा. सिलिकॉनचा कीबोर्ड सैल गुंडाळा; एकाच रेषेवर घट्ट घडी पडत राहिली की आतल्या तारांचा थर तिथं तुटतो आणि बटणांची अख्खी रांग एकदम बंद पडते.