कोरिलेशन ०.९९८, तरी क्रिएटिनिन चुकीचं: मेथड व्हॅलिडेशनमधल्या या चुका टाळा

नवा ॲनालायझर बसतो, इंजिनिअर दोन दिवस बसून आकडे काढतो, जाडजूड फाइल तयार होते आणि शेवटच्या पानावर सही होते. अशा फाइली मी बऱ्याच वाचल्या आहेत. त्यांत आकडे खोटे नसतात, पण पुष्कळदा ते चुकीच्या प्रश्नाची उत्तरं असतात. हे नीट दिसावं म्हणून एकच तपासणी घेऊ: सीरम क्रिएटिनिन, जॅफे पद्धतीचं. आकडे हिशोबाला सोपे असे घेतले आहेत, पण चुका रोजच्याच आहेत.

आधी दोन गोष्टी. कंपनीने पूर्ण तपासून दिलेली पद्धत तुम्ही जशीच्या तशी वापरणार असाल, तर तुमचं काम व्हेरिफिकेशनचं: कंपनीचा दावा तुमच्या खोलीत, तुमच्या माणसांच्या हातून खरा ठरतो का, एवढं बघायचं. सॅम्पलचा प्रकार बदलला, रिएजंटचं प्रमाण बदललं किंवा पद्धत स्वतः बसवली, की पूर्ण व्हॅलिडेशन आलं. आणि दोन्हींत मान्यतेची मर्यादा पहिलं सॅम्पल लावायच्या आधी कागदावर लिहायची. आकडे हाती आल्यावर ठरवलेली मर्यादा नेहमी त्या आकड्यांच्या मापाचीच शिवली जाते.

एकाच दिवशी वीस वेळा

प्रिसिजन म्हणजे तेच सॅम्पल पुन्हा पुन्हा लावलं तर उत्तरं किती जवळजवळ येतात. ती उत्तरं खरी आहेत की नाहीत, हा इथला प्रश्न नाही. पसारा मोजायचं माप म्हणजे एसडी, आणि एसडीला सरासरीने भागून शंभरने गुणलं की सीव्ही.

सर्वांत जास्त दिसणारी चूक ही: एका कंट्रोलची वायल उघडली, सलग वीस वेळा लावली, सीव्ही १.२ टक्के आला, पास. पण पेशंटचं क्रिएटिनिन आज एकदा आणि पंधरा दिवसांनी एकदा होतं. मधल्या काळात कॅलिब्रेशन बदलतं, रिएजंट उघडा राहून जुना होतो, खोलीचं तापमान हलतं. यातलं काहीही त्या वीस मिनिटांत पकडलं जात नाही.

म्हणून पाच दिवस, रोज पाच वेळा, निदान दोन पातळ्यांवर, हा सीएलएसआयच्या ईपी१५ मधला आराखडा वापरायचा. समजा कंट्रोलची रोजची सरासरी अशी आली: १.०२, ०.९८, १.०५, ०.९९, ०.९६. एकूण सरासरी १.००. प्रत्येक दिवसाच्या आतली एसडी ०.०१२, म्हणजे तोच १.२ टक्के. पण पाच सरासऱ्यांची आपसातली एसडी ०.०३५ आहे. दिवसांमधला आणि दिवसाच्या आतला असा दोन्ही पसारा धरून रीतसर हिशोब केला, तर लॅबचा खरा सीव्ही ३.७ टक्के निघतो.

इथे आणखी एक गफलत होते. कोणी पाच दिवसांच्या सीव्हींची सरासरी काढतं. ती पुन्हा १.२ येते आणि दिवसादिवसांतला फरक गायब होतो. कोणी पंचवीस आकड्यांची सरळ एसडी काढतं, ती ३.४ टक्के येते, म्हणजे थोडी कमीच. कारण ते पंचवीस आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, पाच-पाचच्या गठ्ठ्यांत बांधलेले आहेत. एक्सेलमध्ये ‘Anova: Single Factor’ लावलं की दोन्ही भाग वेगळे करता येतात.

३.७ चालेल का? एकाच निरोगी माणसाचं क्रिएटिनिन त्याच्या शरीरातच सुमारे ४.५ टक्क्यांनी वरखाली होतं. पद्धतीचा सीव्ही त्याच्या निम्म्याहून कमी असावा, ही सर्वमान्य अपेक्षा. म्हणजे मर्यादा सव्वादोनच्या आसपास, आणि ही पद्धत त्यात बसत नाही. दिवसाच्या आतला पसारा छोटा असल्याने पिपेटिंगवर संशय घेण्यात अर्थ नाही. शोध कॅलिब्रेशनकडे आणि रिएजंट किती दिवस उघडा होता इकडे वळवायचा.

कोरिलेशनवर विसंबणं

अचूकता म्हणजे उत्तर खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे. इथे सर्वांत मोठी चूक होते, म्हणून थोडं थांबतो.

लॅबने जुनी एन्झायमॅटिक पद्धत आणि नवी जॅफे पद्धत यांवर चाळीस पेशंटची सॅम्पलं लावली. कोरिलेशन ०.९९८. फाइलवर शेरा: ‘उत्तम जुळणी’. पण कोरिलेशन फक्त एवढंच सांगतं की एक आकडा वाढला की दुसराही सरळ रेषेत वाढतो. नव्या पद्धतीने प्रत्येक उत्तर दीडपट दिलं असतं, तरी ते तितकंच राहिलं असतं. शिवाय या चाळीसपैकी चौतीस सॅम्पलं ०.६ ते १.२ मधली होती आणि उरलेली डायलिसिसच्या पेशंटची, सहा किंवा त्यापुढची. दूरचे ते मोजके बिंदूच रेषा ताणून धरतात. ते काढून उरलेल्या चौतिसांचं कोरिलेशन पाहिलं, की तो आकडा धाडकन खाली येतो.

त्याऐवजी प्रत्येक सॅम्पलसाठी नवीन वजा जुनं असा फरक काढा आणि तो पातळीसमोर मांडा. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हीच मांडणी समजावली होती. या लॅबचे बिंदू मांडल्यावर दिसलं की फरक सगळीकडे साधारण ०.३ मिलिग्रॅमच आहे. ०.६ चं ०.९ झालं, १.० चं १.३, आणि ६.० चं ६.३. वरच्या टोकाला पाच टक्के, खालच्या टोकाला पन्नास. पन्नास वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.० ऐवजी १.३ छापलं, तर २०२१ च्या सीकेडी-एपीआय सूत्राने ईजीएफआर ९२ वरून ६७ वर येतो. मूत्रपिंड धडधाकट असलेल्या माणसाला आपण काळजीत टाकतो.

अशा फरकाचा आकार कारणाकडे बोट दाखवतो. सगळीकडे सारखाच अधिकउणा आकडा असेल, तर सॅम्पलमधलं दुसरं काहीतरी मोजलं जात आहे किंवा ब्लँक चुकला आहे. जॅफेत पिक्रेट प्रथिनांशीही रंग देतं. म्हणून बऱ्याच कंपन्या सीरमच्या उत्तरातून ०.३ च्या आसपासचा ठरावीक आकडा वजा करतात. हा दुरुस्तीचा आकडा ॲनालायझरच्या टेस्ट पॅरामीटरमध्ये भरायचा राहून गेला, की नेमकं असंच चित्र दिसतं. तिथे आधी बघा. याउलट पातळीबरोबर फरकही वाढत गेला, म्हणजे सगळीकडे आठ टक्के जास्त असं, तर कॅलिब्रेटरची किंमत चुकीची भरली आहे का, लॉट बदलला आहे का, हे तपासा. डेमिंग किंवा पासिंग-बॅब्लॉक रिग्रेशन हेच दोन भाग आकड्यांत देतं: पहिल्या प्रकारात इंटरसेप्ट ०.३ आणि स्लोप १ जवळ, दुसऱ्यात स्लोप १.०८ आणि इंटरसेप्ट शून्याजवळ. साधं रिग्रेशन टाळा, कारण ते जुन्या पद्धतीत काहीच चूक नाही असं गृहीत धरतं.

अचूकता फक्त कंट्रोलवर तपासणं हीदेखील चूकच. कंट्रोलची छापील किंमत त्या-त्या पद्धतीसाठी ठरवलेली असते आणि त्याचा द्रव पेशंटच्या सीरमसारखा वागतोच असं नाही. चाळीस सॅम्पलं निवडताना पूर्ण टप्पा भरून काढा, पाच दिवसांत वाटा, आणि दोन्ही यंत्रांवर एकाच वेळच्या आसपास लावा.

सरळ दिसणारी वाकडी रेषा

लिनिअॅरिटी म्हणजे सॅम्पलमधलं प्रमाण दुप्पट झालं तर उत्तरही दुप्पट येतं का, आणि कुठवर येतं. त्यासाठी कमी पातळीचा एक सीरम पूल आणि जास्त पातळीचा एक, यांची मिश्रणं करायची. आपल्या उदाहरणात खालचा पूल ०.८ चा आणि वरचा, वजन करून क्रिएटिनिन घातलेला, २०.० चा. मिश्रणांची अपेक्षित उत्तरं ०.८, ५.६, १०.४, १५.२ आणि २०.०. यंत्राने दिली ०.८, ५.७, १०.५, १४.९ आणि १८.२.

या पाच बिंदूंचं कोरिलेशन ०.९९७ येतं. आलेखावर रेषा छान सरळ दिसते. पण लागोपाठच्या उत्तरांमधली पायरी मोजा: ४.९, ४.८, ४.४, ३.३. खऱ्या पायऱ्या सगळ्या ४.८ च्या आहेत. वर जाताना यंत्र दमतं आहे आणि टोकाला नऊ टक्के कमी दाखवतं आहे. वरच्या पुलाची किंमत त्याच यंत्रावर मोजून १८.२ धरली असती, तर मधले बिंदू आठ ते अकरा टक्के जास्त वाटले असते आणि दोष नको तिथे शोधला गेला असता. इथे उपाय सोपा आहे: रिपोर्टची वरची मर्यादा १५ ठेवायची आणि त्यावरचं सॅम्पल पातळ करून पुन्हा लावायचं.

मिश्रणं करताना डिस्टिल्ड वॉटर वापरू नका, कारण जॅफेत प्रथिनं कमी झाली की उत्तरही सरकतं. आणि एका मिश्रणातून पुढचं बनवू नका, कारण पहिल्या पिपेटची चूक शेवटपर्यंत चालत जाते. प्रत्येक मिश्रण दोन मूळ पुलांतूनच करा.

शून्याच्या जवळ

सीरम क्रिएटिनिनसाठी लिमिट ऑफ डिटेक्शनवर आठवडा घालवायची गरज नसते, तिथे ०.०५ आहे की ०.०८, यावर कुणाचा उपचार बदलत नाही. टीएसएचची गोष्ट वेगळी, तिथे अगदी खालचा आकडाच डॉक्टरांना हवा असतो.

‘ब्लँकची सरासरी अधिक तीन एसडी’ हे जुनं सूत्र अजून वापरलं जातं. ते फक्त ब्लँकचा पसारा बघतं. खरोखर थोडं टीएसएच असलेल्या सॅम्पलचाही स्वतःचा पसारा असतो आणि तो बहुधा जास्तच असतो. म्हणून हिशोब दोन पायऱ्यांत करतात. ब्लँकची सरासरी ०.००२, एसडी ०.००२ असेल, तर ०.००२ अधिक १.६४५ गुणिले ०.००२, म्हणजे ०.००५. ही ब्लँकची वरची हद्द. कमी पातळीच्या सॅम्पलची एसडी ०.००३ असेल, तर त्या हद्दीत १.६४५ गुणिले ०.००३ मिळवा: लिमिट ऑफ डिटेक्शन ०.०१०. जुन्या सूत्राने ०.००८ आलं असतं. ब्लँकची सगळी उत्तरं तंतोतंत ०.००० येत असतील तर खूश होऊ नका. सॉफ्टवेअर ऋण आकडे कापत असतं. मूळ सिग्नल काढून त्यावर हिशोब करा.

०.०१० ला टीएसएच ‘आहे’ एवढंच म्हणता येतं. किती आहे ते सांगता येत नाही, कारण तिथे ०.००३ च्या एसडीने सीव्ही तीस टक्के पडतो. टीएसएचसाठी वीस टक्के सीव्ही जिथे मिळतो ती पातळी आकडा छापण्याची खालची सीमा मानतात. ती शोधायला कमी पातळीची तीन-चार सॅम्पलं वेगवेगळ्या दिवशी, दोन रिएजंट लॉटवर लावावी लागतात. समजा ती ०.०२ निघाली, तर एलआयएसमध्ये त्याखालचं प्रत्येक उत्तर ‘०.०२ पेक्षा कमी’ असंच छापलं जाईल अशी सोय करा, आणि एक तसं सॅम्पल लावून रिपोर्टची प्रिंट स्वतः बघा.